चुरो आतून कच्चा का राहतो?

माद्रिदमध्ये दाट चॉकलेटात बुडवून खातात तो चुरो म्हणजे मैद्याची उकडच, साच्यातून पाडून तळलेली. साच्याचं तोंड चांदणीसारखं असतं, ते नुसतं शोभेसाठी नाही. गुळगुळीत गोल कांडीची साल आधी कडक होते, आत वाफ कोंडते आणि कांडी तेलात फुटू शकते. घरी शेवेच्या सोऱ्यातून पाडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. जाडी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, तेल साधारण 180 अंश. तेल जास्त तापलं तर रंग चटकन चढतो, पण मोडल्यावर मधोमध चिकट, पांढरी रेघ दिसते. मग आच थोडीच उतरवावी, कारण कोमट तेलात चुरो तेल पितो. बुडबुडे मंदावले की एक काढून मोडून बघावा.