रक्तदान शिबिर : वेळ नेमून दिली तर खाट रिकामी राहत नाही



मिस्सा संपल्यावर चर्चच्या हॉलमध्ये रक्तदान शिबिर भरते, तेव्हा एक गोष्ट हमखास दिसते. पहिल्या तासात दाराशी ही गर्दी, आणि अकरा वाजल्यानंतर खाटा मोकळ्या. दाते कमी असतात म्हणून असे होत नाही. सगळे एकाच वेळी येतात म्हणून होते. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाला आधीच वेळ नेमून देणे. हा हिशेब कसा बसवावा ते आम्ही येथे सांगत आहोत.

समजा, शिबिर ९ ते १ आहे आणि खाटा चार आहेत. ३५० मिलिलिटरची पिशवी भरायला आठ-दहा मिनिटे लागतात. पण दात्याला निजवणे, दंड स्वच्छ करणे, सुई काढल्यावर जागा दाबून धरणे आणि त्याला सावकाश उठवणे हे धरले, तर एका दात्यामागे खाट वीस मिनिटे अडते. म्हणजे दर वीस मिनिटांना चार दाते, तासाला बारा. पन्नास जण नऊच्या ठोक्याला आले, तर शेवटच्याची पाळी एकच्या पुढे जाईल. इतका वेळ कोण थांबणार? घरी जनावरे वाट पाहत असतात. माणसे निघून जातात आणि मग खाटा ओस पडतात.

म्हणून वीस-वीस मिनिटांच्या तुकड्या कराव्या. खाटेपूर्वी अर्ज भरणे, वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि डॉक्टरांची तपासणी यांत साधारण वीस मिनिटे जातात. तेव्हा पहिली तुकडी ८.४० ला बोलवावी, म्हणजे ९ वाजता खाटा भरतील. शेवटची तुकडी १२.२० ला. अशा बारा तुकड्या होतात. त्यांतली १०.४० ची कोरी ठेवावी. मागे पडलेले काम तेव्हा भरून निघते, आणि आयत्या वेळी आलेल्यांनाही जागा मिळते.

प्रत्येक तुकडीत चार नव्हे, पाच नावे घ्यावीत. कोणी येत नाही, कोणाचे हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली भरते आणि त्याला परत जावे लागते. पाचांत एक असा गळेल असे धरून चालावे. शिबिर झाल्यावर खरा आकडा मोजावा व पुढच्या वेळी त्याप्रमाणे नावे कमी-जास्त करावीत.

नावे लिहिताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत. पहिला : आदल्या रात्री पंपाला वीज आहे का? रात्रभर पाणी दिलेल्या, झोप न झालेल्या माणसाचे रक्त घेत नाहीत. त्याची वेळ वाया जाते. त्याने पुढच्या शिबिरात नाव द्यावे. दुसरा : न्याहारी केव्हा करणार? उपाशीपोटी रक्त देऊ नये. पहिल्या दोन तुकड्यांतल्यांनी घरूनच खाऊन निघावे. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवास पाळूनही ते जमते. सकाळची धार काढणाऱ्यांना दहानंतरची वेळ द्यावी.

शिबिराच्या दिवशी एका कार्यकर्त्याने दर अर्ध्या तासाला फेरी मारून पाहावे. खाट रिकामी आहे आणि तपासणीपाशीही कोणी नाही, तर पुढच्या तुकडीतल्यांना फोन करून लवकर बोलवावे. तपासून झालेले दाते खाटेसाठी ताटकळत असतील, तर पुढच्या तुकडीला थोडे उशिरा यायला सांगावे. पण खाट रिकामी आणि डॉक्टरांच्या टेबलापुढे मात्र रांग, असे दिसले तर दोष वेळांचा नाही. एका दात्याला चार मिनिटे लागली तर एकटे डॉक्टर वीस मिनिटांत पाच जण तपासतात. सहा मिनिटे लागली तर तीनच. मग चौथी खाट कशीही नावे लिहिली तरी मोकळीच राहणार. म्हणून शिबिर ठरवतानाच रक्तपेढीला विचारावे की तपासायला किती डॉक्टर येणार, आणि एकच येणार असतील तर एका दात्याला किती वेळ लागतो. जी जागा सर्वांत अरुंद, तिच्या मापाने तुकड्या बांधाव्यात.

एका ठिकाणी मात्र वेळ वाचवू नये. रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटे बसून काही पिणे आवश्यक आहे, कारण भोवळ आली तर ती बहुधा याच वेळात येते. ही बसण्याची जागा खाटांपासून वेगळी असावी, म्हणजे विश्रांतीमुळे खाट अडत नाही. त्या दिवशी ओझे उचलू नये, ट्रॅक्टरही चालवू नये.

वहीत नावापुढे वेळ आणि फोन नंबर लिहावा, आणि शनिवारी संध्याकाळी प्रत्येकाला एकदा आठवण करावी. पुरुषांच्या मागील रक्तदानाला ९० दिवस व स्त्रियांच्या १२० दिवस झाले आहेत ना, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.