सौरवारा जिथे थांबतो

व्हॉयेजर १ या यानावर सौरवारा मोजणारे एक उपकरण होते. यान शनीजवळून गेले त्याच वर्षी, म्हणजे १९८० मध्ये, ते निकामी झाले. तेव्हा त्याची फार हळहळ झाली नसावी, कारण शनीची छायाचित्रे मिळाली होती आणि यानाचे मुख्य काम झाले होते. पण तीस-बत्तीस वर्षांनी हेच यान अशा ठिकाणी पोहोचले, की तिथे विचारायचा प्रश्न एकच होता: सौरवारा संपला का? नेमके त्याचेच उत्तर देणारे उपकरण बंद होते. तरीही उत्तर मिळाले. ते कसे मिळाले, ही अवकाश संशोधनातली मला सर्वांत आवडणारी हकीकत आहे.

आधी सौरवाऱ्याविषयी. सूर्याचे बाह्य वातावरण इतके तापलेले असते, की सूर्याचे गुरुत्वाकर्षण त्याला बांधून ठेवू शकत नाही. त्यातले प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सतत सर्व दिशांना बाहेर उसळत असतात. असा प्रवाह असलाच पाहिजे, हे यूजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये गणिताने दाखवले आणि पुढच्या काही वर्षांत यानांनी तो प्रत्यक्ष मोजला. त्याचा वेग सेकंदाला साधारण ३०० ते ८०० किलोमीटर असतो. पृथ्वीजवळ एका घन सेंटिमीटरमध्ये त्याचे जेमतेम पाच-सात कण सापडतात. इतका विरळ असूनही तो सूर्याचे चुंबकीय क्षेत्र आपल्याबरोबर ओढून नेतो.

सूर्यापासून दूर जाताना हा वारा पसरत जातो. अंतर दुप्पट झाले की त्याची घनता चौपटीने उतरते आणि त्याबरोबर त्याचा रेटाही. ताऱ्यांमधली जागा मात्र रिकामी नाही. तिथे विरळ वायू आहे, प्लाझ्मा आहे, चुंबकीय क्षेत्र आहे, आणि या सगळ्यांचा दाब सूर्यापासूनच्या अंतराप्रमाणे घटत नाही. त्यामुळे कुठेतरी आतला रेटा आणि बाहेरचा दाब बरोबरीला येणारच. तिथवर सौरवाऱ्याने जी पोकळी फुगवलेली आहे, तिला हेलिओस्फिअर म्हणतात. सगळे ग्रह या पोकळीच्या आत, अगदी मध्याजवळ आहेत.

या पोकळीच्या कडेला एक नाही, दोन सीमा आहेत. बेसिनमध्ये नळाची धार सोडून पाहा. धार पडते तिथून पाणी पातळ थरात वेगाने पसरते आणि काही अंतरावर एका गोल कड्यापाशी एकदम फुगून संथ होते. सौरवाऱ्याचेही तसेच होते. ज्या जागी त्याचा वेग अचानक कोसळतो, ती पहिली सीमा, टर्मिनेशन शॉक. व्हॉयेजर १ ने ती डिसेंबर २००४ मध्ये ओलांडली. तेव्हा यान सूर्यापासून ९४ खगोलीय एककांवर होते. सूर्य आणि पृथ्वी यांच्यातले सरासरी अंतर, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटर, हे एक एकक. शॉकच्या पलीकडे मंदावलेल्या, तापलेल्या सौरवाऱ्याचा जाड पट्टा लागतो. आणि तो पट्टा संपतो तिथे दुसरी सीमा, हेलिओपॉज. त्याच्या एका बाजूला सूर्याचा प्लाझ्मा, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांमधला.

हेलिओपॉज नेमका कुठे आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. २८ जुलै २०१२ रोजी व्हॉयेजर १ कडून येणाऱ्या आकड्यांत काहीतरी घडले. हेलिओस्फिअरमध्ये वेग मिळालेल्या कणांची संख्या एकाएकी घसरली आणि दीर्घिकेतून येणारे वैश्विक किरण वाढले. काही दिवसांत सगळे पूर्ववत झाले. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच झाले. अखेर २५ ऑगस्टला आतले कण घसरले ते कायमचे. त्यांचे प्रमाण हजार पटींहून अधिक कमी झाले. यान तेव्हा १२१ एककांच्या पुढे होते.

एवढ्यावरून यान बाहेर पडले असे जाहीर करता आले असते. पण एक मोठी अडचण होती. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र सूर्याच्या क्षेत्राशी वेगळ्या कोनात असणार, म्हणून सीमा ओलांडताच त्याची दिशा बदलेल, असे सर्वांनी धरलेले होते. यानावरचे चुंबकमापक चांगले चालू होते. त्याने दाखवले, की क्षेत्र बळकट झाले आहे, पण दिशा जवळजवळ आहे तशीच आहे. मग हा हेलिओपॉज, की त्याच्या अलीकडचा कोणी कल्पनाही न केलेला पट्टा? प्रकल्पाचे मुख्य वैज्ञानिक एडवर्ड स्टोन यांनी घाई केली नाही. मार्च २०१३ मध्ये एका शोधनिबंधाच्या आधारे ‘व्हॉयेजर सूर्यमालेबाहेर’ अशा बातम्या झळकल्या, तेव्हा त्यांनी त्याच दिवशी खुलासा केला, की चमूचे तसे मत झालेले नाही. माझ्या मते स्टोन यांचा हा संयम अगदी योग्य होता. कणांची संख्या बदलली म्हणजे प्लाझ्मा बदलला, असे होत नाही, आणि सीमा तर प्लाझ्माची होती.

खरा पुरावा घनतेचाच असू शकत होता. हेलिओस्फिअरच्या कडेला सौरवारा अतिशय विरळ झालेला असतो. एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण ०.००२ इलेक्ट्रॉन. बाहेरचा प्लाझ्मा थंड आणि त्याहून कितीतरी दाट असणार होता. बाहेर पडल्यावर अधिक पोकळी लागेल असे आपल्याला वाटते, पण इथे उलटे आहे. मात्र घनता मोजणारे उपकरण तर १९८० सालीच गेले होते.

वाट काढली ती आयोवा विद्यापीठाच्या डॉन गर्नेट यांच्या उपकरणाने. यानाला दहा-दहा मीटर लांबीच्या दोन अँटेना आहेत. प्लाझ्मात लहरी उठल्या तर त्या या अँटेनांना कळतात. प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉनांना धक्का बसला की ते ठरावीक वारंवारितेने मागेपुढे डोलू लागतात, आणि ती वारंवारिता फक्त त्यांच्या घनतेवर अवलंबून असते. म्हणजे वारंवारिता कळली तर घनता आपोआप कळली. फक्त धक्का देणारे काहीतरी हवे होते.

तो धक्का सूर्यानेच दिला. मार्च २०१२ मध्ये सूर्यावर मोठे उद्रेक झाले. त्यांतून निघालेला पदार्थ आणि त्याच्या पुढची आघातलहर सुमारे तेरा महिने प्रवास करत व्हॉयेजरपर्यंत पोहोचली. ९ एप्रिल २०१३ पासून यानाभोवतीचा प्लाझ्मा कंप पावू लागला. ही नोंद यानावरच्या टेपवर साठवली गेली आणि पुढे पृथ्वीकडे पाठवण्यात आली. वारंवारिता होती सेकंदाला सुमारे २६०० कंपने. घन सेंटिमीटरमध्ये एक इलेक्ट्रॉन असेल तर ती साधारण ८९८० असते, आणि घनता वारंवारितेच्या वर्गाप्रमाणे बदलते. २६०० ला ८९८० ने भागून उत्तराचा वर्ग केला की ०.०८ च्या आसपास आकडा येतो. आतल्या घनतेच्या तो चाळीस पट होता. यान बाहेरच्या प्लाझ्मात होते, यात आता शंका उरली नाही.

मग गर्नेट यांच्या चमूने जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. २०१२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असेच एक क्षीण कंपन सापडले, थोड्या कमी वारंवारितेचे. म्हणजे घनता हळूहळू वाढत होती. या दोन बिंदूंमधून रेषा मागे नेली तेव्हा ती ऑगस्ट २०१२ मध्येच पोहोचली. १२ सप्टेंबर २०१३ रोजी नासाने जाहीर केले, की व्हॉयेजर १ एक वर्षापूर्वीच आंतरतारकीय अवकाशात गेले आहे.

तरीही काही वैज्ञानिकांनी चुंबकीय दिशेचा मुद्दा सोडला नाही. निकाल लागला तो ५ नोव्हेंबर २०१८ रोजी, व्हॉयेजर २ मुळे. या यानावरचे सौरवारा मापक चालू होते आणि त्याला वारा थेट संपताना दिसला. अंतर होते ११९ एकके. गंमत म्हणजे, चुंबकीय दिशा याही वेळी फारशी बदलली नाही. आत आणि बाहेर दिशा जुळते का, याचे सर्वांना पटलेले कारण अजून सापडलेले नाही. पण ती न बदलणे म्हणजे यान आतच असणे, हा तर्क तिथे संपला.

या ओलांडण्याने यानाचे काय झाले? धक्का बसला नाही, वेग बदलला नाही. तिथला प्लाझ्मा तीस ते पन्नास हजार अंश तापमानाचा असल्यामुळे अधूनमधून ‘आगीच्या भिंती’च्या बातम्या पसरतात. तापमान म्हणजे कणांचा वेग. पण ते कण इतके थोडे आहेत, की यानाला त्यांची ऊब लागत नाही. संदेशही अडत नाहीत, कारण यानाच्या रेडिओची वारंवारिता प्लाझ्माच्या वारंवारितेपेक्षा लाखो पटींनी जास्त आहे. बदलले ते वैश्विक किरण. त्यांचा बराच मोठा भाग हेलिओस्फिअर बाहेरच अडवते. ते संरक्षण आता नाही, आणि असा एखादा कण संगणकाच्या स्मृतीतला आकडा पालटू शकतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ निरर्थक माहिती पाठवू लागले, तेव्हा स्मृतीची एक चिप बिघडलेली आढळली. कण आदळला की चिप वयाने गेली, हे ठरवता आले नाही. अभियंत्यांनी तिच्यातला प्रोग्राम तुकडे करून दुसऱ्या जागी हलवला आणि एप्रिल २०२४ मध्ये यान पुन्हा नीट बोलू लागले.

‘सूर्यमालेबाहेर’ हा शब्द मात्र मला खटकतो. सूर्याचे गुरुत्वाकर्षण या सीमेपाशी संपत नाही. धूमकेतूंचा ऊर्ट मेघ त्याच्या कितीतरी पुढे पसरलेला आहे, आणि तो पार करायला यानाला हजारो वर्षे लागतील. सूर्याच्या उद्रेकांच्या लहरीही बाहेरच्या प्लाझ्मात जाऊन पोहोचतात. म्हणून तर घनता मोजता आली. दोन्ही यानांवरच्या सोनेरी तबकडीत गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. व्हॉयेजर १ निघाल्यावर अकरा दिवसांनी केसरबाई गेल्या. त्यांचा आवाज सौरवाऱ्याच्या पलीकडे गेला आहे, सूर्याच्या पलीकडे अजून नाही.

यानांची वीज प्लुटोनियमच्या उष्णतेतून येते आणि दरवर्षी सुमारे चार वॉटने घटते. व्हॉयेजर २ चे सौरवारा मापक २०२४ मध्ये त्यासाठीच बंद करावे लागले. हेलिओपॉज आपण आजवर दोनच जागी प्रत्यक्ष मोजला आहे, आणि दोन बिंदूंवरून एवढ्या मोठ्या पोकळीचा आकार सांगता येत नाही. ती लांब शेपटीची आहे की गोलसर, यावर वैज्ञानिकांत वाद आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये नासाने आयमॅप हे यान सोडले. ते सीमेकडून येणाऱ्या उदासीन अणूंच्या मदतीने पृथ्वीच्या परिसरातूनच तिचा नकाशा काढते. सीमेकडे प्रत्यक्ष जाणारे पुढचे यान न्यू होरायझन्स आहे. ते ६० एककांच्या पुढे गेले आहे, वर्षाला जवळपास तीन एकके कापते, आणि त्याच्यावर सौरवारा मोजणारे उपकरण आहे.