पट्टीवरची फिकट रेघ

गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजला की एचसीजी हे संप्रेरक तयार होऊ लागते आणि लघवीत उतरते. चाचणीच्या पट्टीवर या संप्रेरकाला पकडणारी, रंगीत कण जोडलेली प्रतिपिंडे असतात. लघवीबरोबर ती पुढे सरकतात. एचसीजी असेल तर ‘टी’ खुणेपाशी अडकून रेघ उमटते. ‘सी’ची रेघ फक्त पट्टी नीट चालल्याचे सांगते, ती नसेल तर चाचणी बाद.

‘टी’ची रेघ फिकट असली, तरी दिलेल्या वेळेत उमटलेली आणि रंगीत असेल तर बहुधा गर्भधारणा असते, संप्रेरक अजून कमी असते किंवा भरपूर पाण्याने लघवी पातळ झालेली असते. पट्टी वाळल्यावर दिसणारी करडी रेघ मात्र धरू नये. सुरुवातीला एचसीजी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. म्हणून पाळी चुकल्याच्या दिवशी रेघ पुसट आली, तर 48 तासांनी सकाळच्या पहिल्या लघवीवर नवी पट्टी वापरावी. रेघ आलीच नाही आणि पाळीही आली नाही, तर आठवड्याने पुन्हा तपासावे.

रेघेच्या गडदपणावरून गर्भाची वाढ ठरवता येत नाही. पोटात एका बाजूला तीव्र दुखणे, चक्कर किंवा रक्तस्राव असेल, तर दुसऱ्या पट्टीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठावे. गर्भ नलिकेत रुजलेला असू शकतो.