ऑफिस कुठे आहे, हे इंग्रजीत कसे विचारावे?

परगावच्या व परदेशच्या गिऱ्हाइकांशी आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंचा पत्रव्यवहार बहुधा इंग्रजीतच होतो. शब्द बरोबर असतात, स्पेलिंगही तपासलेले असते. पण चौकशीचे वाक्य आले की एक चूक हमखास होते. 'कॅन यू टेल मी व्हेअर इज युअर ऑफिस?' असे आपण लिहितो. शुद्ध वाक्य आहे, 'कॅन यू टेल मी व्हेअर युअर ऑफिस इज?' फरक एका 'इज'च्या जागेचा आहे. बोलताना तो चालून जातो, मात्र लेखी व्यवहारात वाचणाऱ्याच्या चटकन लक्षात येतो.

ही चूक का होते? मराठीत आपण 'ऑफिस कुठे आहे?' असे विचारतो आणि 'ऑफिस कुठे आहे ते सांगा' असेही म्हणतो. दोन्हीकडे शब्दांचा क्रम तोच. उर्दूतही 'दफ्तर कहाँ है?' आणि 'बताइए कि दफ्तर कहाँ है' यांत क्रम बदलत नाही. इंग्रजीचा रिवाज वेगळा आहे. तिथे सरळ प्रश्न विचारताना क्रियापद कर्त्याच्या पुढे येते : 'व्हेअर इज युअर ऑफिस?' पण तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, म्हणजे आधी 'प्लीज टेल अस' किंवा 'आय वॉन्ट टू नो' असे काही आले, की क्रियापद कर्त्याच्या मागे आपल्या जागी परत जाते.

हे लक्षात ठेवण्याची सोपी युक्ती अशी : आधी उत्तर मनात तयार करा. 'युअर ऑफिस इज इन दुबई.' आता 'इन दुबई' काढा आणि 'व्हेअर' सुरुवातीला ठेवा. 'व्हेअर युअर ऑफिस इज' तयार झाले. उत्तरात जो क्रम असतो, तोच पोटातल्या प्रश्नात ठेवायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, चामड्याची पाकिटे बनवणाऱ्या एका कारखानदाराने दुबईच्या गिऱ्हाइकाला नमुना पाठवला आहे. त्याला तीन गोष्टी विचारायच्या आहेत आणि तो लिहितो :

'प्लीज टेल अस हॅव यू रिसीव्ड द सॅम्पल. वी वॉन्ट टू नो हाऊ मेनी पीसेस डू यू नीड. प्लीज लेट अस नो व्हेन विल यू पे.'

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे आहे. अशा वेळी 'व्हेअर', 'व्हेन' यांसारखा शब्द नसतो, म्हणून जोडण्यासाठी 'व्हेदर' किंवा 'इफ' घालावा लागतो : 'प्लीज टेल अस व्हेदर यू हॅव रिसीव्ड द सॅम्पल.' दुसऱ्यात 'डू' गळून पडतो, कारण तो फक्त सरळ प्रश्नासाठी आलेला मदतनीस आहे : 'हाऊ मेनी पीसेस यू नीड.' 'डझ' आणि 'डिड' यांचेही तसेच. मात्र ते जाताना आपला काळ मुख्य क्रियापदावर सोडून जातात. 'व्हेन डिड यू सेन्ड इट?' याचे 'व्हेन यू सेंट इट' होते. तिसऱ्यात 'विल' मागे सरकतो : 'प्लीज लेट अस नो व्हेन यू विल पे.'

या तिसऱ्या वाक्याचा आणखी एक उपयोग आहे. 'व्हेन विल यू पे?' एवढेच लिहिले, तर 'पैसे कधी देणार?' असा तगाद्याचा सूर लागतो. 'प्लीज लेट अस नो' पुढे जोडले, की 'पैसे कधी मिळतील ते कृपया कळवावे' असे नम्र वाक्य होते. उधारीच्या व्यवहारात हे वाक्य वरचेवर लागते, म्हणून ते बिनचूक असावे.

दोन ठिकाणी सावध राहावे. प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल, तर बदलण्यासारखे काही नसते : 'हू विल पे द फ्रेट?' आणि 'प्लीज टेल अस हू विल पे द फ्रेट.' दुसरे, नियम शिकल्यावर काही जण सरळ प्रश्नही 'व्हेअर युअर ऑफिस इज?' असा विचारू लागतात. तेही चूकच. आधी दुसरे वाक्य नसेल, तर 'व्हेअर इज युअर ऑफिस?' हेच बरोबर.

राहिले प्रश्नचिन्ह. ते बाहेरच्या वाक्यावर ठरते. 'कॅन यू टेल अस'ने सुरुवात असेल, तर शेवटी प्रश्नचिन्ह द्यावे. 'प्लीज टेल अस' किंवा 'वी वॉन्ट टू नो' असेल, तर पूर्णविराम.