मोबाईल आवाज किती खरा मोजतो? ॲपमधला ‘डेसिबल’ आकडा असा वाचा

दौंड जंक्शनजवळच्या घरात रात्री मालगाडी गेली की खिडकीची तावदाने थरथरतात. शिरूरला नगर रस्त्यालगत राहणाऱ्यांना अवजड वाहनांचा आवाज सवयीचा झाला आहे. ऊस हंगामात मोठ्याने गाणी लावलेले ट्रॅक्टर त्यात भर घालतात. ‘आवाज मोजणारे ॲप’ उघडले की पडद्यावर आकडा नाचू लागतो. पण तो वाचायचा कसा?

डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. त्यामुळे आकड्यांची नेहमीची सरासरी काढून चालत नाही. समजा, दौंडच्या त्या खोलीत ९ मिनिटे ४५ डेसिबल शांतता आहे आणि १ मिनिट गाडीचे ७५ डेसिबल. साधी सरासरी ४८ येईल. ऊर्जेच्या हिशेबाने मात्र दहा मिनिटांची सरासरी ६५ येते. ते एक मिनिट बाकीच्या नऊ मिनिटांना गिळून टाकते. ॲपमध्ये हीच सरासरी LAeq किंवा Leq नावाने दिसते. पाहायचा तो हा आकडा. क्षणोक्षणी उड्या मारणारा किंवा Max म्हणून दिसणारा नव्हे.

मोजताना A भारांकन, म्हणजे dBA, निवडा. फोनचे कव्हर काढा आणि मायक्रोफोनच्या छिद्रावर बोट येऊ देऊ नका. फोन भिंतीपासून किमान एक मीटर दूर, बसल्यावर कान असतात त्या उंचीवर ठेवा आणि दहा मिनिटे हलवू नका. पंखा बंद करायला विसरू नका. पंख्यासह ५२ आणि बाहेर सगळे शांत असताना नुसत्या पंख्याचे ४९ आले, तर बाहेरचा आवाजही ४९ च आहे, ३ नाही! दोन सारखे आवाज एकत्र आले की फक्त ३ डेसिबल वाढतात.

आता अचूकतेचा प्रश्न. फोनचा मायक्रोफोन बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो. अमेरिकेच्या ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आयफोन-अँड्रॉइडची १९२ ॲप तपासायला घेतली. त्यातली निकषांत बसलेली जेमतेम १४ निघाली, १० आयफोनची आणि ४ अँड्रॉइडची. पुढे त्यांनी स्वतःचे NIOSH SLM हे मोफत ॲप काढले, तेही फक्त आयफोनसाठी. अँड्रॉइड फोन असंख्य कंपन्यांचे असतात, मायक्रोफोनही निरनिराळे. म्हणून एकच ॲप दोन फोनवर वेगवेगळे आकडे दाखवू शकते.

चूक तीन ठिकाणी होते. अगदी शांत खोलीत फोन स्वतःच्या यंत्रणेची खरखरच मोजतो. रात्री फोन गादीत गुंडाळून कपाटात ठेवा. आकडा समजा ३४ च्या खाली जातच नसेल, तर ३४ ही तुमच्या फोनची तळरेषा. तिच्या जवळपासच्या आकड्यांवर विसंबू नका. दुसरे टोक डीजेचे. मोठ्या आवाजाला मायक्रोफोन गुदमरतो आणि आकडा एका जागी अडकतो. मोकळ्या मैदानात स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आकडा साधारण ६ ने उतरायला हवा. जवळच्या आकड्यात आणि लांबच्या आकड्यात फरकच पडत नसेल, तर जवळचा आकडा खोटा. तिसरी चूक ‘बास’ची. छातीत धडधडणारा खोल ठोका A भारांकनात मुळातच कमी मोजला जातो, त्यात बरेच फोन तो वाऱ्याचा आवाज समजून गाळतात. म्हणून ‘ॲपमध्ये तर कमीच दिसतंय’ हे डीजेवाल्याचे उत्तर मान्य करायचे कारण नाही.

सुधारणा करायची तर रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात काम करणाऱ्या ओळखीच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे प्रमाणित ध्वनिमापक आहे का, विचारा. तो आणि फोन शेजारी ठेवून मिक्सरसारखा स्थिर आवाज मोजा. मापक ७० आणि फोन ६४ दाखवत असेल, तर ॲपच्या Calibration मध्ये ६ वाढवा. ही दुरुस्ती त्याच फोनला आणि साधारण तशाच आवाजाला लागू पडते, हे लक्षात ठेवा.

निवासी भागासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधील मर्यादा सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. मात्र ती बाहेरच्या परिसराची आहे, बंद खोलीची नव्हे. खिडकी थोडी उघडी असली तरी आत येताना आवाज साधारण १० ते १५ डेसिबलने घटतो. मर्यादेपेक्षा १० किंवा त्याहून अधिक डेसिबल आवाज असल्यास तक्रार करता येते. फोनचा आकडा त्या तक्रारीला सुरुवात करून देतो, पुरावा ठरवणारे मोजमाप प्रमाणित यंत्रानेच होते. म्हणून ११२ वर फोन करताना आकड्यापेक्षा ठिकाण, वेळ आणि आवाज कशाचा हे आधी सांगा. LAeq चा स्क्रीनशॉट मात्र तारखेसह जपून ठेवा.