अँटिबायोटिकनंतरचे जुलाब

६८ वर्षांच्या एका बाईंचं उदाहरण घेऊ. दाढेच्या मुळाशी पू झालेला आणि फाइलवर पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी लिहिलेली, म्हणून दंतवैद्यांनी त्यांना सात दिवस क्लिंडामायसिन दिलं. दाढ बरी झाली. गोळ्या संपल्यानंतर आठवड्याभरात जुलाब सुरू झाले. दिवसातून आठ-दहा वेळा, पाण्यासारखे, सोबत पोटात कळा आणि अंगात कणकण. बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, असं घरच्यांना वाटलं. मेडिकलमधून जुलाब बांधणारी लोपेरामाइडची गोळी आणि ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलची स्ट्रिप आली. तिसऱ्या दिवशी जुलाब कमी झाले, पण पोट फुगलं आणि बाईंना अ‍ॅडमिट करावं लागलं.

उदाहरण कल्पित आहे, पण त्यातला एकेक टप्पा पोटाच्या डॉक्टरांना चांगला माहीत असतो. या आजाराला कारण असलेल्या जिवाणूचं नाव क्लोस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. डॉक्टर त्याला 'सी. डिफ' म्हणतात. १९३५ साली तो प्रथम सापडला तो नवजात बाळांच्या शीमध्ये, आणि बाळं तर ठणठणीत होती. त्यामुळे पुढे चाळीसेक वर्षं त्याला कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९७४ साली अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे क्लिंडामायसिन घेणाऱ्या २०० रुग्णांवर लक्ष ठेवण्यात आलं. त्यांतल्या साधारण दर पाचातल्या एकाला जुलाब झाले आणि दर दहातल्या एकाच्या मोठ्या आतड्यात पिवळसर पापुद्रे दिसले. हे सी. डिफचं काम आहे, हे १९७८ मध्ये स्पष्ट झालं.

औषध रोगजंतू मारायला दिलं, मग त्यातून नवा रोग का उद्भवावा? याचं उत्तर पित्तात आहे. सी. डिफ शरीराबाहेर बीजाणूच्या रूपात, म्हणजे कठीण कवचात निद्रिस्त राहतो. असे बीजाणू हातांवरून, कमोडवरून, पलंगाच्या कठड्यावरून आपल्या पोटात जाऊ शकतात. यकृतातून येणारी मूळ पित्ताम्लं या बीजाणूंना जागं करतात. मात्र मोठ्या आतड्यातले आपले नेहमीचे जिवाणू या पित्ताम्लांचं रूप बदलतात, आणि बदललेली पित्ताम्लं सी. डिफला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने हे नेहमीचे जिवाणू मेले की रान मोकळं होतं आणि तण माजतं. वाढलेला सी. डिफ दोन विषं सोडतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचा आतला सांगाडा त्यांनी ढासळतो, पेशी सुटतात, सूज येते आणि पाणी झिरपू लागतं.

कोणतंही अँटिबायोटिक हे घडवू शकतं. पण क्लिंडामायसिन, ऑफ्लॉक्सॅसिन-सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी क्विनोलोन औषधं, सेफिक्झिमसारखी सेफॅलोस्पोरिन्स आणि इस्पितळातली कार्बापेनेम्स यांचा धोका जास्त. तो औषध चालू असताना आणि नंतरच्या महिन्यात सर्वाधिक असतो, पण तीन महिन्यांपर्यंत रेंगाळतो. पासष्टीपुढचं वय आणि अलीकडचा इस्पितळातला मुक्काम यांनी तो आणखी वाढतो. आता मेडिकलमधल्या त्या स्ट्रिपकडे पाहा. जुलाबावर म्हणून घेतलेल्या ऑफ्लॉक्सॅसिनने उरलेसुरले उपयोगी जिवाणूही मारले. लोपेरामाइडने आतड्याची हालचाल मंदावली आणि विष आतच कोंडलं. अशा वेळी जुलाब अचानक कमी होऊन पोट फुगणं म्हणजे आराम पडणं नव्हे. आतडं ठप्प होत असल्याची ती खूण असू शकते.

अर्थात, अँटिबायोटिकनंतरचे बहुतेक जुलाब साधे असतात आणि औषध थांबलं की थांबतात. चोवीस तासांत तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचाला होत असेल आणि दुसरं कारण दिसत नसेल, तर तपासणी करायची. शौचाचा नमुना पातळच हवा. घट्ट शौचावर प्रयोगशाळेने ही चाचणी करू नये. सहसा आधी जिवाणूचं एक विशिष्ट प्रथिन आणि त्याचं विष शोधतात. दोन्हींचा मेळ बसला नाही, तर पीसीआर करतात. पीसीआरला विष तयार करणारा जनुक दिसतो, पण विष खरोखर तयार होतंय का, हे कळत नाही. काही माणसं हा जिवाणू पोटात बाळगून धडधाकट असतात आणि त्यांचीही पीसीआर पॉझिटिव्ह येते. म्हणून रिपोर्ट लक्षणांसोबतच वाचावा लागतो. बरं झाल्यावर 'एकदा खात्री करू' म्हणून पुन्हा चाचणी करत नाहीत, कारण ती कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते.

समजा, आपल्या बाईंच्या नमुन्यात विष सापडलं, पांढऱ्या पेशी १८,००० निघाल्या आणि क्रिएटिनिन १.७. पांढऱ्या पेशी १५,००० किंवा जास्त, अथवा क्रिएटिनिन १.५ च्या वर, म्हणजे आजार तीव्र. पहिली गोष्ट, लोपेरामाइड आणि आधीची अँटिबायोटिक्स बंद. मग वँकोमायसिन १२५ मिलिग्रॅम, दिवसातून चार वेळा, दहा दिवस, आणि तेही तोंडाने. शिरेतून दिलेलं वँकोमायसिन आतड्याच्या पोकळीत पोहोचतच नाही. उलट तोंडाने घेतलेलं रक्तात फारसं न उतरता आतड्यातच राहतं. म्हणून अनेक इस्पितळांत इंजेक्शनच्या व्हायलमधली पावडर पाण्यात विरघळवून प्यायला देतात. रक्तदाब घसरला किंवा आतडं ठप्प झालं, तर वँकोमायसिनचा डोस ५०० मिलिग्रॅमवर नेतात, गरजेप्रमाणे ते गुदमार्गानेही देतात आणि शिरेतून मेट्रोनिडॅझोल जोडतात. सर्जनलाही तेव्हाच बोलावतात, कारण क्वचित मोठं आतडं काढावं लागतं. एके काळी पहिली पसंती असलेलं मेट्रोनिडॅझोल आता एकट्याने फक्त सौम्य आजारात, आणि तेही दुसरं काही मिळत नसेल तर.

बाई बऱ्या होतात, पण वँकोमायसिन हेही अँटिबायोटिकच. ते सी. डिफला मारतं, बीजाणूंना नाही, आणि गेलेले जिवाणू परत आणत नाही. त्यामुळे साधारण दर चार-पाच रुग्णांमागे एकाला काही आठवड्यांत आजार उलटतो, आणि एकदा उलटला की पुन्हा उलटायची शक्यता वाढते. फिडॅक्सोमायसिन हे महागडं औषध आतड्यातल्या इतर जिवाणूंना कमी धक्का लावतं आणि त्यानंतर आजार कमी उलटतो. म्हणून २०२१ च्या अमेरिकी मार्गदर्शनात त्याला पहिली पसंती आहे.

वारंवार उलटणाऱ्या आजारावर निरोगी माणसाची विष्ठाच औषध ठरली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या चाचणीत दात्याच्या विष्ठेचं गाळलेलं द्रावण नाकातल्या नळीने लहान आतड्यात सोडलं. एकाच वेळच्या उपचाराने ८१ टक्के रुग्ण बरे झाले; नुसत्या वँकोमायसिनने ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. २०२३ मध्ये अमेरिकेत विष्ठेतल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बनवलेल्या कॅप्सूललाही मान्यता मिळाली. पण यात धोका आहेच. २०१९ मध्ये दात्याच्या विष्ठेतून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायमुळे एका रुग्णाचा मृत्यू झाल्याचा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने दिला. दात्याची कसून तपासणी केल्याशिवाय हा उपचार करत नाहीत, आणि तो घरी करून पाहण्याचा तर मुळीच नाही.

घरात रुग्ण असेल तर सॅनिटायझरवर विसंबू नका. अल्कोहोलने बीजाणू मरत नाहीत. साबण-पाण्याने हात चोळून धुतले तर ते वाहून जातात. कमोड आणि नळाची चावी ब्लीचने पुसायची. पण मोठा फरक पडतो तो प्रिस्क्रिप्शनमध्ये. इंग्लंडमध्ये २००६ नंतर क्विनोलोन्सचा वापर कमी केल्यावर सी. डिफचे रुग्ण सुमारे ८० टक्क्यांनी घटले. पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीचंही तसंच. जी माणसं ती असल्याचं सांगतात, त्यांतल्या बहुतेकांना तपासल्यावर ती नसल्याचं आढळतं; तरीही त्या जुन्या नोंदीपायी त्यांना जास्त धोक्याची औषधं मिळत राहतात. तुमच्या फाइलवर अशी नोंद असेल तर ती कधी, कशावरून पडली हे डॉक्टरांना सांगून तपासून घ्या. आणि जुलाबासाठी दवाखान्यात गेलात, तर गेल्या तीन महिन्यांत घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या.