लाइन १०० एमबीपीएसची, मग डाउनलोड ३०० केबीने का?

प्रोजेक्टसाठी एक डेटासेट हवाय. साधारण ४ जीबीची फाइल, सर्व्हर अमेरिकेत. तुम्ही पुण्यात, फायबरची १०० एमबीपीएसची लाइन. हिशोबाने सेकंदाला १२ एमबी यायला हवेत, म्हणजे सहा मिनिटांत काम फत्ते. प्रत्यक्षात ब्राउझर दाखवतो ३२० केबी प्रति सेकंद आणि ‘३ तास २० मिनिटे बाकी’. स्पीड टेस्ट लावून बघता, तर ती म्हणते ९६ एमबीपीएस! मग ब्रॉडबँडवाल्याला फोन, कस्टमर केअरशी वाद, आणि शेवटी कोणीतरी सल्ला देतं की ३०० एमबीपीएसचा प्लॅन घे.

थांबा, पैसे भरू नका. त्या प्लॅनवरही फाइल बहुधा ३२० केबीनेच येईल. लाइन खोटं बोलत नाहीये आणि स्पीड टेस्टही नाही. अडचण रुंदीची नाही, अंतराची आहे.

इंटरनेटवरून फाइल येते तेव्हा ती छोट्या पॅकेटांत येते, एकेक पॅकेट साधारण दीड हजार बाइटचं. बहुतेक डाउनलोड टीसीपी नावाच्या पद्धतीने चालतात आणि टीसीपीचा स्वभाव घाऊक व्यापाऱ्यासारखा आहे. माल पाठवला की त्याला पोच हवी. पोच आली नाही तर तो माल पुन्हा पाठवायची जबाबदारी त्याचीच. पण प्रत्येक पोत्याची पोच येईपर्यंत हातावर हात धरून बसला तर धंदा बुडेल. म्हणून तो पोच न येताही ठरावीक मर्यादेपर्यंत माल सोडतो. मर्यादा भरली की मात्र गोदामाचं शटर खाली, मागची पोच येईपर्यंत पुढचं पोतं निघत नाही. या मर्यादेला म्हणतात विंडो. घेणारा कॉम्प्युटर प्रत्येक पोचेबरोबर सांगत असतो की माझ्याकडे अजून इतकी जागा आहे, तेवढंच पाठव.

आता पोच यायला किती वेळ लागतो ते बघू. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुण्याहून अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन २५ हजार, म्हणजे १२५ मिलिसेकंद तर फक्त प्रकाशालाच लागतात. शिवाय समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत, वाटेत राउटर असतात. त्यामुळे पिंग केलं की २०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त दिसतात. हे कमी करणं तुमच्या ब्रॉडबँडवाल्याच्या हातात नाही. कोणाच्याच नाही.

टीसीपीच्या १९८१च्या मूळ नियमावलीत विंडोचा आकडा लिहायला १६ बिटांची जागा आहे. त्यात मावणारी सर्वात मोठी संख्या ६५,५३५. म्हणजे एका फेरीत जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. फेरी २०० मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला पाच फेऱ्या. गुणाकार करा: ३,२७,६७५ बाइट. हाच तो तुमच्या स्क्रीनवरचा ३२० केबीचा आकडा! या गणितात लाइनचा वेग कुठेच आला नाही, हे लक्षात घ्या. लाइन १०० ची असो की १००० ची, दर सेकंदाला पाचच फेऱ्या होणार.

तोच लॅपटॉप, तीच विंडो, पण सर्व्हर मुंबईत आणि फेरी ५ मिलिसेकंदांची असेल तर? सेकंदाला २०० फेऱ्या, म्हणजे १३ एमबी. अख्खी १०० एमबीपीएसची लाइन भरली. स्पीड टेस्ट छान का दिसते, त्याचं कोडंही इथेच सुटतं. ती जवळचा सर्व्हर शोधते आणि बहुतेक वेळा एकदम अनेक कनेक्शनं उघडते.

उलट विचारा: २०० मिलिसेकंदांवरून १०० एमबीपीएस भरायचे तर विंडो केवढी हवी? वेग गुणिले फेरीचा वेळ. उत्तर २ कोटी बिट, म्हणजे २५ लाख बाइट, अडीच एमबी. इतका माल सतत वाटेत तरंगत राहिला तरच तार रिकामी राहत नाही. ६४ केबीच्या विंडोत ती जवळजवळ ९७ टक्के वेळ रिकामी असते.

‘१९८१चा नियम अजून चालू आहे का?’ रास्त शंका. १९९२ साली विंडोला गुणक लावायची सोय झाली, त्यामुळे ती १ जीबीपर्यंत वाढू शकते. आजचे लिनक्स, विंडोज हे आपोआप करतात. पण सगळीकडे नाही. काही प्रोग्राम बफरचा आकडा स्वतःच ठरवून टाकतात आणि मग लिनक्सची आपोआप वाढ त्या कनेक्शनपुरती बंद पडते. काही जुन्या फायरवॉल तो गुणकच पुसून टाकतात. एसएसएचच्या आत तर त्याची स्वतःची वेगळी विंडो असते, आणि जुन्या आवृत्त्यांमध्ये ती लहान होती. त्यामुळे एससीपीने परदेशी सर्व्हरवरून फाइल रांगत येते, ही तक्रार वर्षानुवर्षं ऐकू येते.

आणि समजा विंडो मोठी मिळाली, तरी दुसरं गिऱ्हाईक दारात उभं असतं: हरवलेली पॅकेटं. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधलं नेटवर्क इतकं तुंबलं की वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. अंतर किती, तर ४०० यार्ड! चालत जाऊन कागद दिला असता तर लवकर पोचला असता. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली टीसीपीला शिस्त लावली. पाठवणाऱ्यानेही स्वतःची एक मर्यादा ठेवायची. सगळं सुरळीत असेल तर ती हळूहळू वाढवायची आणि पॅकेट हरवलं की गर्दी झाली असं समजून ती निम्मी करायची.

ही ‘हळूहळू’ वाढ दूरच्या सर्व्हरला महाग पडते. जुन्या पद्धतीत प्रत्येक फेरीला एक पॅकेट वाढतं. अडीच एमबी म्हणजे सुमारे १,७०० पॅकेटं. एक हरवलं, मर्यादा ८५० वर आली. परत वर चढायला ८५० फेऱ्या, म्हणजे १७० सेकंद. एका हरवलेल्या पॅकेटाची शिक्षा तीन मिनिटं! मुंबईच्या सर्व्हरला लाइन भरायला मुळात चाळीसेक पॅकेटंच पुरतात, त्यामुळे तिथे हाच चढ सेकंदाच्या दहाव्या भागात संपतो. लिनक्समध्ये २००६ पासून असलेली क्युबिक ही पद्धत कमी घसरते आणि लवकर सावरते, पण दूरच्या रस्त्यावर तिलाही घाम फुटतोच.

मग उपाय? एका व्यापाऱ्याकडे एकच खातं ठेवण्याऐवजी आठ खाती उघडा. प्रत्येक खात्याची मर्यादा तीच, ६४ केबी. पण वाटेत आता आठपट माल. ३२० केबीचे अडीच एमबी प्रति सेकंद झाले, आणि तीन तास वीस मिनिटांचं काम पंचविसेक मिनिटांवर आलं. हरवलेल्या पॅकेटाचा फटकाही बारीक होतो. आठांपैकी एकच प्रवाह निम्मा होतो, म्हणजे एकूण वेग फक्त सोळाव्या भागाने घटतो. शिवाय त्या एका प्रवाहाला जेमतेम शंभर पॅकेटं चढायची असतात, तेही वीसेक सेकंदांत.

डाउनलोड मॅनेजर ‘जादू’ करतात ती हीच. ते सर्व्हरला विचारतात, पहिले ५० कोटी बाइट दे, दुसऱ्या कनेक्शनवर पुढचे ५० कोटी दे, आणि शेवटी तुकडे जोडतात. लिनक्सवर aria2 असेल तर:

```
aria2c -x 8 -s 8 -k 1M URL
```

हा काही पोरांचा जुगाड नाही बरं का. जिनिव्हाच्या सर्नमधला डेटा जगभरच्या केंद्रांना पाठवण्यासाठी अनेक वर्षं ग्रिडएफटीपी वापरलं गेलं, आणि समांतर प्रवाह ही त्याची मुख्य सोय होती. त्या केंद्रांत मुंबईचं टीआयएफआरही आहे.

पण हे औषध लागू पडेल का, ते आधी तपासा. एक डाउनलोड सुरू ठेवा आणि त्याच सर्व्हरवरून दुसरं सुरू करा. पहिल्याचा वेग तसाच राहिला आणि दुसऱ्यालाही तेवढाच मिळाला, तर दोष विंडोचा किंवा हरवणाऱ्या पॅकेटांचा. पहिल्याचा वेग निम्मा झाला, तर लाइनच भरलीये किंवा सर्व्हरने तुमच्या पत्त्याला एकूण मर्यादा घातलीये. तिथे आठ काय, ऐंशी प्रवाहांनीही काही होणार नाही. वेगाचा आलेखही बोलतो. सपाट रेष असेल तर विंडोवर संशय घ्या. वेग गुणिले पिंगचा वेळ केल्यावर ६४ केबीच्या जवळपास उत्तर आलं, तर चोर सापडलाच. करवतीच्या दातांसारखा चढ-उतार असेल तर पॅकेटं हरवतायत.

काही सर्व्हर तुकड्यांत फाइल देतच नाहीत. `curl -I` ने बघा. उत्तरात `Accept-Ranges: bytes` दिसलं तर बहुधा देतात. काही जण एका पत्त्यावरून दोन-चारपेक्षा जास्त कनेक्शनं दिसली की सरळ दार लावतात. आणि एचटीटीपी-२ च्या ‘अनेक प्रवाहां’वर भुलू नका. ते सगळे एकाच टीसीपी कनेक्शनमधून जातात, म्हणजे खातं एकच.

होस्टेलच्या वायफायवर मात्र जरा जपून. गर्दीच्या लाइनवर टीसीपी ढोबळमानाने प्रत्येक कनेक्शनला सारखा वाटा देतं, प्रत्येक माणसाला नाही. ५० जण एकेक फाइल उतरवत असताना तुम्ही आठ प्रवाह उघडलेत, तर ५७ पैकी ८ वाटे तुमचे. दोन टक्क्यांऐवजी चौदा टक्के! शेजारच्या खोलीतला इंटरव्ह्यू अडकला तर दार वाजणारच. लिनक्सच्या आयएसओसारख्या फाइलींना मुळात याची गरजही नसते. त्यांचे मिरर सर्व्हर भारतातही आहेत, आणि यादीतला जवळचा निवडला की एकच प्रवाह पुरतो. आठ प्रवाह ठेवा त्या डेटासेटसाठी, जो अमेरिकेतल्या एकाच सर्व्हरवर बसलाय. आणि फाइल उतरली की `sha256sum` चालवून साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा.